फॉल-पिको फुकट, फक्त नव्या शाखेत

बोरी अरबच्या बायका साडी घ्यायला दारव्ह्याला माझ्या दुकानात येत, म्हणून मी त्यांच्याच गावात शाखा काढली. प्रत्येकीला मोबाइलवर कळवलं: बाजार चौक, दहा ते आठ, पहिले आठ दिवस साडीला फॉल-पिको फुकट, फक्त नव्या शाखेत.

दुसऱ्याच दिवशी त्या एसटीनं दारव्ह्यात हजर! वर तोच मेसेज माझ्यापुढे धरून फुकट फॉल-पिको मागायला लागल्या. माझं डोकंच फिरलं.

"बायांनो, दुकान तुमच्या दारात नेऊन ठेवलं, तरी इथं कायले आल्या?"

त्यांच्यातली म्हातारी शांतपणे म्हणाली, "तिथं त तुमचा नोकर बसते. ही साडी मले शोभत नाही, हे तोंडावर कोन सांगन?"