निजल्यावर बोटभर जास्त

आमच्याकडं विहिरीची खोली परसात मोजायचे. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. आता हात कोण किती ताणतो, त्याला काय धरबंध? मालक म्हणायचा चार परस, खोदणारा म्हणायचा साडेचार, आणि काठावर भांडणं. म्हणून मी हातांचा नाद सोडला आणि एक सागाची काठी कापली, टाचेपासून टाळूपर्यंत माझ्या उंचीची. शाळा माझी तिसरीत सुटली, पण ही काठी शिनोलीपासून पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत कोणी खोटी म्हटली नाही. पाच फूट पाच इंच. माझ्या अंगाचं माप मला माझ्या नावासारखं पाठ होतं.

तेवढ्यासाठीच पुढचं सगळं झालं.

नव्वदच्या पुढचं साल असेल. दगड वर ओढायच्या यारीचा दोर सरकला आणि मी अर्ध्या विहिरीतून खाली पडलो, पाठीवर. खाली चिखल होता म्हणून वाचलो. जीपमध्ये फळी टाकून मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. त्याच दुपारी तिथं दुसरा एक पडलेला माणूस आणला होता. डोंगराकडचा, हिरडे झोडायला झाडावर चढलेला, फांदी मोडून पडला. घोडेगावच्या बाजारात मी त्याला किती वेळा पाहिलं होतं. माझ्याहून बोटभर उंच, वयाला माझ्याएवढाच. त्याचीही पाठच.

दोघांच्या पाठीचे फोटो एकामागून एक काढले. ओले फोटो खिडकीत दोरीवर शेजारी शेजारी लटकवले होते, पाणी गळत होतं. मी पडल्यापडल्या बघत होतो. कोणता माझा, कोणता त्याचा, देवाला ठाऊक. दोन्हींत पांढरी हाडं, एकासारखी एक. तेव्हाच मनात आलं, ह्या लोकांकडून हे फोटो अदलाबदल व्हायला किती वेळ लागणार?

मग सिस्टरनं सुई टोचली आणि मला गुंगी आली.

जाग आली ती सकाळी. डॉक्टरीणबाई खाटेशी उभ्या होत्या, वयानं लहान, पुण्याकडच्या. सिस्टर त्यांना सांगत होती, "वजन अंदाजे घेतलंय मॅडम, उंची पाच फूट सहा."

मी डोळे उघडले. "कुणाची?"

"तुमचीच मामा. काल तुमी झोपल्यावर टेपनं घेतली. उभं करता येत न्हाई त्याची निजवूनच घेतो आमी."

"मी पाच पाच हाय."

"असू दे हो, एका इंचानं काय व्हतंय?" असं म्हणून सिस्टर गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमचा मणका शाबूत आहे. पायांना मुंग्या नाहीत, बोटं हलतात. स्नायूला मार बसलाय. आज धरून उभं राहा, दोन पावलं टाका." आणि शेजारच्या खाटेकडं वळून हिरडेवाल्याला म्हणाल्या, "तुमचा मणका मोडलाय, भाऊ. तुम्ही अजिबात उठायचं नाही. कुशीवर व्हायचं तरी सिस्टरनं वळवल्याशिवाय नाही."

एका इंचानं काय होतंय! मला सगळं दिसलं. पाच सहा म्हणजे त्या हिरडेवाल्याची उंची. मी गुंगीत असताना त्याला मोजलं आणि माझ्या नावावर घातलं. जिथं उंचीची अदलाबदल होते तिथं फोटोची का नाही होणार? चांगल्या मणक्याचा फोटो त्याचा, मोडक्याचा माझा. आणि मला म्हणतायत उठ, चाल. मोडक्या पाठीनं उठलेला माणूस मी पाहिला होता, आमच्याच कामावरचा. त्याचे पाय पुन्हा कधी हलले नाहीत.

"मी उठणार न्हाई," मी म्हणालो.

"का?"

"फोटो बदललाय. उंची बदलली तसा."

बाईंनी समजावलं की फोटोवर आकडे असतात, त्यांनी स्वतः ताडून पाहिले. मी म्हणालो, उंचीवर पण आकडाच व्हता की. त्यांना दुसऱ्या वॉर्डात घाई होती, त्या गेल्या. सिस्टर हात धरायला आली तर मी खाटेची दांडी पकडली. दुपारी मेव्हणा आला, खोडदचा. त्याच्या शेताच्या बांधावरून आकाशातल्या लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या मोठ्या छत्र्या दिसतात, त्यामुळं आपल्याला विज्ञान कळतं असं त्याला वाटतं.

"दाजी, डॉक्टर खोटं कशाला बोलतील?"

"खोटं न्हाई, चुकलेत. पावणं, तू एक कर. घरी जा, माझी काठी घेऊन ये."

"मारायची का डॉक्टरला?"

"मोजायला आण, येड्या."

एवढं सगळं मी काही कुजबुजत बोललो नव्हतो. वॉर्ड लहान, आणि माझा आवाज विहिरीच्या तळातून वर पोचायची सवय लागलेला. शेजारचा हिरडेवाला छताकडं बघत सगळं ऐकत होता. तासाभरानं त्यानं विचारलं, "पावणं, म्हंजी माझा मणका बरा असंल?"

मी म्हणालो, "तसंच दिसतंय."



दुसऱ्या दिवशी सकाळी खाट कुरकुरल्याचा आवाज झाला. बघतो तर हिरडेवाल्यानं एक कोपर गादीत रोवलं होतं आणि ओठ दातांत धरून खांदा उचलत होता. उठायला निघाला होता. माझ्या शब्दावर.

"सिस्टर!" मी ओरडलो.

ती धावत आली, त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला सपाट निजवलं, पायाची बोटं हलवून बघितली. हलली. मग आम्हा दोघांवर तिचं जे तोंड सुटलं! "कुणी सांगितलं तुमाला उठायला? कायमचे लुळे व्हायचंय का?"

"मामा म्हणले फोटो बदललाय," हिरडेवाला म्हणाला. त्याला घाम फुटला होता, पण डोळ्यांत आशा तशीच होती.

तेवढ्यात मेव्हणा काठी घेऊन आला आणि मागोमाग डॉक्टरीणबाई. सिस्टरनं त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं, पण त्या खुर्ची ओढून बसल्या. "काका, आता हे आजच मिटवायचं. नाहीतर हे भाऊ पुन्हा उठतील. काय मोजायचं ते मोजा."

मेव्हण्यानं काठी माझ्या कडेला गादीवर ठेवली. बाईंनी एक फळी माझ्या तळव्यांना लावून पाय काटकोनात सरळ केले, म्हणजे बोटं पुढं लोंबून माप वाढायला नको. दुसरी फळी टाळूला. सिस्टरनं टाचा धरल्या. मेव्हणा वाकून बघायला लागला आणि वाकलेलाच राहिला.

"काय झालं?"

"दाजी, काठी कमी पडती. बोटभर."

"काठी कशी कमी पडंल? नीट बघ."

"तीनदा बघितलं."

म्हणजे सिस्टरनं मलाच मोजलं होतं. पण आता मला निराळीच भीती बसली. मी लांब झालो होतो. मणके सांध्यातून निखळून एकमेकांपासून दूर गेले असतील तरच माणूस लांब होतो, असं मी मनात धरलं. "बघा बाई," मी म्हणालो, "तुमी म्हणता शाबूत. मग मी वाढलो कसा? ह्या वयात?"

त्यांनी विचारलं, "काठी कधी कापली होती?"

"एका विहिरीवर. दिवसभर दगड उपसले, सांजंला उभा राहून कापली."

"मग ती तुमची सगळ्यात कमी उंची," त्या म्हणाल्या. "मणक्यामणक्यांच्या मध्ये गादी असते, ओलसर, चिवट. उभं राहिलं की डोक्याचं, अंगाचं, उचललेल्या दगडाचं वजन तिच्यावर येतं. ती दबते, थोडं पाणी सोडते. दिवसभरात माणूस तेवढा खचतो. आडवं झालं की वजन उतरतं, गादी पाणी ओढून घेते, फुगते. शिवाय उभ्या पाठीला बाक असतात, ते निजल्यावर जरा सपाट होतात. तुम्ही परवापासून निजून आहात."

"पोत्यांची थप्पी," मेव्हणा म्हणाला, छत्र्यांवाल्या थाटात. "वरची काडली की खालची फुगतात."

"मणका म्हंजी काय भुश्याचं पोतं हाय का?"

"काका, माझ्यावर विश्वास नाही तर ह्यांना मोजू," बाई म्हणाल्या. "ह्यांची पाठ तर बरी आहे ना?"

मेव्हणा सकाळपासून काठी घेऊन एसटीत उभा होता. त्याला अनवाणी भिंतीला टेकवून सिस्टरनं पेन्सिलीनं खूण केली. मग रिकाम्या खाटेवर निजवलं. मी म्हणालो, लगेच मोजू नका, पडू द्या जरा. तो पडला आणि घोरायलाही लागला. उठवायच्या आधी बाईंनी तशाच फळ्या लावून मापलं. भिंतीवरच्या खुणेपेक्षा जास्त. माझ्याइतकं नाही, पण जास्त. टेप मी स्वतः हातात घेऊन बघितली, मधेच कापून शिवली तर नाही ते तपासलं, ताणून बघितली. टेप ठीक होती.

"आता भाऊंना," मी म्हणालो. मला शेवटचा दगड काढल्याशिवाय विहीर पुरी म्हणवत नाही.

हिरडेवाल्याला न हलवता तशाच फळ्या लावल्या. पाच फूट सात. म्हणजे निजून तोही माझ्याहून बोटभर उंच, बाजारात उभा असताना होता तसाच. पाच सहा हा आकडा त्याचा नव्हताच. माझा होता. आणि उंचीचा गोंधळच नसेल तर फोटोच्या गोंधळाला माझ्याकडं काही पुरावा उरला नव्हता.

मी विचारलं ते बरोबरच होतं, हे मी आजही म्हणतो. पाठ माझी होती. बाईंनीही शेवटी तेच म्हटलं की शंका आली तर विचारावंच. फक्त हळू आवाजात.

मग त्यांनी एका बाजूनं धरलं, मेव्हण्यानं दुसऱ्या. कंबरेतून कळ गेली, पण पाय माझेच होते, जमिनीवर टेकले, भार घेतला. मी उभा राहिलो. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मेव्हणा म्हणाला, "बघा, आता खचायला लागलं दाजी."

मी शेजारच्या खाटेपाशी थांबलो. हिरडेवाला माझ्या पायांकडं बघत होता. आता त्याला कळलं होतं की मोडका मणका त्याचाच.

तो म्हणाला, "किती दिस पडावं लागंल, ते जरा विचार की बाईंना. माझं त्या ऐकत न्हाईत."

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, महिने लागतील, पण पाय राहतील, न उठल्यास. मी ते त्याला सांगितलं. पाठ हलू नये म्हणून त्यानं मानही हलवली नाही, नुसते डोळे मिटले. मी त्याच्या खाटेची दांडी धरून तसाच उभा राहिलो, बाई बस म्हणेपर्यंत.