रुपयाएवढी माय

सवाष्ण गेलेल्या एका बाईचं मी तिच्या माघारी मुंडण केलं. तेही कातरीनं, भर सकाळी, आणि वर स्वतःवर खूश होऊन.

पुलगावला आमच्या ह्यांचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सातवी पास, त्यामुळे जगातलं सगळं मला येतं अशी माझी खात्री. त्या दिवशी हे एका लग्नाचे फोटो काढायला गेले होते, दुपारी परतायचे होते. दुकानात मी एकटी.

एक म्हातारे शेतकरी आले. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला फोटो त्यांनी टेबलावर ठेवला. शेजारी गोल लॉकेट, बरोबर रुपयाएवढं. "सूनबाई, हे पोरीची माय. मागच्या साली गेली. पोरगी उद्या सकाळच्या गाडीनं सासरी चालली. गळ्यात माय घालून पाठवतो म्हटलं. हा एकच फोटू हाय, सांभाळजो."

"त्यात काय, बाबा! पाचला या, तयार ठेवते," मी म्हटलं. हे आल्यावर करतील, एवढं तरी म्हणायचं! पण नाही.

फोटोतली बाई किंचित वळून बसलेली. मोठं कुंकू, दाट केस, मानेमागे भला मोठा अंबाडा आणि त्यात फूल. मी रुपया घेतला, नाकाच्या शेंड्यावर मधोमध ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली आणि चहूबाजूंनी तुकडे उडवत कापला. गोल कसा झाला म्हणाल, तर पोळीसारखा! लॉकेटात बसवला आणि पाहिलं.

कपाळ होतं, केसच नव्हते. आमच्या गावच्या एका विधवा आत्याबाईंचं भादरलेलं डोकं मी लहानपणी पाहिलं होतं, हुबेहूब तसं. फोटोतली ही बाई कुंकवासकट गेली, याचाच तर त्या घराला अभिमान असणार.

त्यात माझा स्वच्छतेचा सोस. कापलेले तुकडे मी केव्हाच झाडून दाराबाहेर टाकले होते. धावत गेले, केरात हात घातला. वरचे केस सापडले, खांद्यापर्यंतचा भागही सापडला. अंबाडा नव्हता. केर तीनदा चाळला. शेवटी रडत टेबलाशी टेकले, तर डिंकाच्या वाटीला मागच्या बाजूनं अंबाडा चिकटलेला, फुलासकट!

हे दीड वाजता आले. मी ओंजळ पुढे केली. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतंच विचारलं, "कापलं काऊन?"

"लॉकेट रुपयाएवढं हाय म्हणून."

"फोटो लहान कराचा असते, बाईले नाई."

मग त्यांनी तुकडे पुठ्ठ्यावर कडेला कड लावून चिकटवले. कापलेल्या कडांचा पांढरा कागद दिसत होता, तिथं बारीक कुंचल्यानं पातळ शाई भरली. पुठ्ठा खिडकीजवळ उभा करून कॅमेरा समोर लावला. कॅमेऱ्याच्या मागच्या धुरकट काचेवर त्यांनी रुपयाएवढा गोल काढला आणि मला बोलावलं. काचेत बाई उलटी दिसत होती, डोकं खाली. ते कॅमेरा मागे घेत गेले, बाई लहान होत गेली.

"नाकावर मध्य नोको धरू. केसाच्या वरच्या कडेपासून हनुवटीपर्यंत धर, त्याचा मध्य. कुठं येते?"

"भुवयांपाशी."

"तो गोलाच्या मधात आण. आता अंबाडा पाय, आत येते का."

अंबाडा गोलाबाहेर जात होता. मी म्हटलं, "थोडं बाजूला सरकवा ना."

"मंग चेहरा कडेला जाईन. अजून मागं घेतो."

चेहरा बोराएवढा झाला, पण अंबाडा, फूल, सगळं गोलात आलं आणि वर बारीकशी जागाही उरली. ती लॉकेटच्या कडेखाली जाणार म्हणून मुद्दाम सोडलेली.

ह्यांनी फोटो घेतला; त्याच्या निगेटिव्हची काच धुऊन सुकायला ठेवली तेव्हा साडेतीन. पंख्यानं मीच वारा घातला, हात गळून जाईपर्यंत. कागदावर छापून, कापून, लॉकेटात बसवेपर्यंत पाच वाजले आणि म्हातारे दारात. या वेळी कातर ह्यांच्या हातात होती, हे सांगायला नकोच.

म्हाताऱ्यांनी लॉकेट उजेडाकडे धरलं. मग मूळ फोटो मागितला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुठ्ठा दिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, केरापासून डिंकाच्या वाटीपर्यंत.

त्यांनी कपाळावरच्या त्या जोडावरून अंगठा फिरवला. पुठ्ठा सोग्यात गुंडाळला, लॉकेट खिशात घातलं. दारापर्यंत गेले आणि मागे वळून मला म्हणाले,

"पोरीले सांगजो नोको. तिले माय पुरी दिसन, बस झालं. अन पुढच्या डाव रुपया ठेवाच्या आधी बाईचे केसं पाहाजो."