अवघडपणाच्या रकान्यात काय लिहू?

आमच्या आळीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. खिडकी उघडी ठेवली की पुरे! माझी खिडकी तर मंडळाच्या हॉलच्या बरोब्बर वर. शिक्षण माझं सातवीपर्यंतच, पण ऐकण्यात मी कधी नापास झाले नाही. कसबा पेठेत राहून शेजारी काय चाललंय ते कळू नये, असे कान देवाने मला दिलेलेच नाहीत.

मंडळाची कलागुण स्पर्धा दरवर्षी एका रविवारी दुपारी असायची. "कुमुदवहिनी नाहीतरी येऊन बसणारच, त्यांना कामाला लावा," असं कुणीतरी म्हणालं आणि घंटा माझ्या हातात आली. घंटा, ह्यांचं मनगटी घड्याळ आणि लिमयेबाईंच्या शेजारची खुर्ची. तिथून बाईंचा मार्कांचा कागद स्पष्ट दिसायचा. म्हणजे मी मुद्दाम बघत नव्हते. दिसायचा!

* * *

लिमयेबाई शाळेतून रिटायर झालेल्या. प्रत्येक स्पर्धकाला पाच रकाने, प्रत्येकी दहा मार्क : निवड, तयारी, अवघडपणा, सादरीकरण, सभाधीटपणा. आधी पेन्सिलीने लिहायचं आणि सगळे झाले की पेनने पक्कं करायचं, ही त्यांची पद्धत.

पहिल्या स्पर्धकाला कितीही चांगला असला तरी त्या सातच्या वर चढत नसत. शेवटी परत मागे येऊन त्याला न्याय द्यायच्या, पण आधी सात. एका वर्षी पहिल्या मुलीची आई मध्येच डोकावली आणि भडकली.

"अहो बाई, एवढं सुंदर म्हटलं तिनं! दहा का नाही?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "देते की. पण पुढचा याहून चांगला निघाला तर त्याच्यासाठी अकरा तुम्ही घेऊन या!"

* * *

दुसरे परीक्षक साठेकाका. स्वभाव लोण्यासारखा. त्यांच्या कागदावर सगळीकडे नऊ, नऊ, नऊ. गाणाऱ्याला नऊ, विसरणाऱ्याला नऊ, स्टेजवर येऊन रडणाऱ्यालाही नऊ.

"काका, परीक्षा घेताय की तीर्थप्रसाद वाटताय?" बाईंनी विचारलं.

"कुणाचं मन कशाला मोडायचं?"

"मन राहू द्या. सगळ्यांना पंचेचाळीस दिलेत म्हणजे तुम्ही आज घरी बसला असतात तरी निकाल हाच लागला असता."

काका म्हणाले, "पण चहा हुकला असता!"

हसायला आलं, पण बाईंचं म्हणणं मला तेव्हा नीट समजलं. जो सगळ्यांना सारखं देतो त्याच्या मार्कांना वजनच उरत नाही. निकाल ठरतो तो कमी-जास्त देणाऱ्याच्या पेन्सिलीवर. म्हणजे बाईंच्या.

* * *

तिसरे मोहितेसाहेब. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात माल तपासण्यात हयात गेलेली. नियम म्हणजे नियम. वेळ पाच मिनिटं. चौथ्याला एक घंटा, पाचव्याला दोन. त्यापुढे गेलं की प्रत्येक परीक्षकाने दोन मार्क कापायचे. एकाने नकला छान केल्या, पण तीन सेकंद जास्त घेतले.

"तीन सेकंदांत काय होतं साहेब?" तो काकुळतीला आला.

"आमच्या कारखान्यात," मोहिते म्हणाले, "छप्पर उडतं."

त्याच नकलाकाराने आळीतली सकाळ आवाजांतून उभी केली होती. तांबटांची ठोकठोक, नळाची फुरफुर, आणि शेवटी खिडकी उघडल्याचा आवाज काढून बायकी सुरात, "कोण आलं होतं हो आत्ता?" सगळा हॉल वळून माझ्याकडे बघून हसायला लागला! बाईंनी तयारीत दहा टाकले. मी रागाने बघितलं तर म्हणाल्या, "अस्सल माल शेजारीच बसलाय. ताडून बघितलं."

* * *

आता जुलेखाचाचींचा किस्सा.

चाचींचं बांगड्यांचं दुकान आळीच्या तोंडाशी. चार पिढ्यांचं. माझ्या लग्नाचा चुडा चाचींनीच भरला, माझ्या पोरीचाही. पण त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. झालं! "काच हातात घुसेल हो," असं कुणीतरी म्हणालं आणि बायका एकेक करून दुसरीकडे जायला लागल्या. लाजत सांगते, मीसुद्धा एकदा रस्ता बदलून गेले होते. चाची दुकानात दिवसभर बसून असायच्या आणि पावलांच्या आवाजाकडे कान लावायच्या.

स्पर्धेच्या यादीत त्यांचं नाव वाचून सगळे चकित. पुढे कला म्हणून लिहिलं होतं, "बांगड्या भरणे."

चाची स्टेजवर आल्या. चटईवर काचेच्या बांगड्या मापामापाने ओळीत मांडल्या. मग डोक्यावरची ओढणी काढून मोहितेसाहेबांपुढे धरली.

"साहेब, डोळ्यांवर बांधा. घट्ट. माझ्या डोळ्यांवर तुमचा भरवसा नाही ना? मग डोळ्यांशिवायच बघा. एक जरी फुटली तर उद्यापासून दुकान उघडणार नाही."

साहेबांनी दोन गाठी मारल्या. मी घड्याळ लावलं.

प्रेक्षकांतली पहिली बाई येऊन बसली. चाचींनी तिचा हात दाबून बघितला. "माप सव्वादोन." ओळीतून बांगड्या उचलल्या, एकमेकींवर हलकेच वाजवून कानाशी नेल्या. एक बाजूला टाकली. "हिला चीर आहे. आवाज बोदा येतो." साहेबांनी ती उचलून उजेडात धरली. केसाएवढी चीर होती! मग चाचींनी अंगठा तळहातात दुमडला, बोटं एकत्र आवळली, बांगडी तिरकी करून आधी अंगठ्याच्या मुळावरून, मग करंगळीच्या बाजूने. कातडी मागे सारत, बांगडी डोलवत. सुळकन आत! दुसरी बाई, दोन्ही हात. एकही फुटली नाही. चौथ्या मिनिटाची घंटा मी वाजवली.

बाईंच्या कागदाकडे बघितलं. निवड दहा, तयारी दहा. अवघडपणाच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह.

"यात अवघड काय?" मोहिते कुजबुजले. "आमची ही घरात आपल्या आपण घालते. मी सगळीकडे पाच पाच दिलेत."

"साहेब, गाणं असतं तर सूर चढा लागला का ते मला बसल्या जागी कळलं असतं. हे इथून नाही कळत," बाई म्हणाल्या. "हात मऊ असेल तर कुणीही भरेल. काय लिहू?"

आणि ज्या बाईंनी आजवर परीक्षकाची खुर्ची सोडली नव्हती, त्या उठल्या आणि हळूच मला म्हणाल्या,

"कुमुदवहिनी, घड्याळ थांबवा. माझ्यामुळे गेलेला वेळ तिच्या नावावर नको. एक मिनिट शिल्लक आहे ना? मी हात दिला की सुरू करा."

बाईंचा उजवा अंगठा शाळेच्या जिन्यावरून पडून मोडला होता, हे सगळ्या आळीला माहीत होतं. हाड मुळाशी वर येऊन बसलेलं. अंगठा तळहातात दुमडायचाच नाही. त्यांना काचेची बांगडी वर्षानुवर्षं कुणी चढवली नव्हती. त्या स्क्रूने उघडणारी पाटली घालायच्या. उजव्या हातातली काढून त्यांनी माझ्याजवळ दिली आणि चाचींसमोर बसल्या. तोंडातून शब्द नाही. कुणाचा हात आहे ते चाचींना कळू नये म्हणून.

घड्याळ सुरू केलं.

चाचींनी हात दाबला. थांबल्या. बोटांनी त्या हाडाभोवती हळूच फिरून आल्या, पुन्हा फिरून आल्या. पंधरा सेकंद असेच गेले. मग अंगठ्याला हातच लावला नाही. करंगळीकडची बाजू आत आवळली, बांगडी उलट्या बाजूने तिरकी घातली आणि त्या हाडावर टेकवून गोल फिरवली. मी डोळे मिटले. काच फुटताना बघायची हिंमत नव्हती.

किणकिण! एक. मग दुसरी. तिसरी. चौथी मनगटावर उतरली आणि मी दोन घंटा वाजवल्या.

चाचींनी ओढणी सोडली, समोर कोण ते डोळे बारीक करून बघितलं. "या अल्ला, बाई तुम्ही! आणा, दुसरा हात आणा. एक हात भरून एक रिकामा ठेवायचा नसतो."

"वेळ संपला," बाई म्हणाल्या आणि तशाच खाली आल्या. बायकांच्यात कुजबुज झाली. अशी एका हाताने कुणी उठतं का?

बाईंनी प्रश्नचिन्ह खोडलं. अवघडपणा, दहा. त्या लिहीत होत्या आणि बांगड्या वाजत होत्या. मग सादरीकरण, पाच. सभाधीटपणा, सहा.

"बाई, सहा?" मी कळवळले.

"पूर्ण वेळ प्रेक्षकांकडे पाठ होती. मागच्या रांगेला काय दिसलं?"

बेरजा झाल्या. साठेकाकांचे नेहमीचे पंचेचाळीस, साहेबांचे पंचवीस, बाईंचे एक्केचाळीस. एकशे अकरा. बासरीवाल्या मुलीचे एकशे बारा! पेन्सिल अजून पेनने पक्की व्हायची होती.

मी कानाशी लागले, "दोन वाढवा की हो. कुणाला कळतंय?"

बाई पेन उघडत म्हणाल्या, "दोन वाढवले तर उद्या बायका म्हणतील, लिमयेबाईंनी दया केली. वहिनी, दयेवर कुणी आपला हात देतं का?"

आणि एक्केचाळीस पक्के केले. चाचींचा दुसरा नंबर. त्यांनी प्रमाणपत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचायचा प्रयत्न केला, मग घडी घालून ठेवलं.

घरी आल्यावर लक्षात आलं, बाईंची पाटली माझ्याकडेच राहिली! सकाळी उठल्याउठल्या द्यायला गेले. बाई घरी नव्हत्या. शोधत आळीच्या तोंडाशी आले तर चाचींच्या दुकानासमोर बायकांची रांग. अकरा तर मीच मोजल्या. मला बघून दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. मीही घातली आणि गुपचूप शेवटी उभी राहिले. चाची आत बसून "सव्वादोन... अडीच..." म्हणत होत्या. एवढा मोकळा आवाज त्यांचा कितीतरी दिवसांनी ऐकला.

रांगेत सगळ्यांच्या पुढे लिमयेबाई. उजव्या हातात कालच्या चार बांगड्या तशाच.

"बाई, एवढ्या सकाळी?" मी मागूनच ओरडले.

बाईंनी डावा हात चाचींच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा राहिला होता ना काल."

चार बांगड्या झाल्या. आमच्याकडे बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्याला नमस्कार करतात. बाई वाकायला लागल्या तशा चाची घाबरून मागे सरल्या. "अहो बाई, तुम्ही परीक्षक!"

"ते काल," बाई म्हणाल्या, आणि वाकल्या.