सगळ्यात जुनी तारीख

लॅपटॉप भरत आला की माझं डोकं फिरतं. त्या दिवशीही फिरलं होतं. गडचिरोलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांची गाणी, आठवणी रेकॉर्ड करून ठेवतो. अ‍ॅपलचा लॅपटॉप त्याच्यासाठीच घेतलेला. कपाटावर नॅस, म्हणजे नेटवर्कवर चालणारा डिस्कचा डबा. त्यात बॅकअपसाठी वेगळं शेअर फोल्डर मीच केलं, टाइम मशीन या अ‍ॅपलच्या बॅकअप प्रोग्रामला परवानगी मीच दिली, आणि त्यानं बाकी कामाची जागा खाऊ नये म्हणून मर्यादाही मीच घातली. मग लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये ती डिस्क जोडली. दर तासाला बॅकअप आपोआप व्हायचा, आणि मी निवांत.

जागा करायला मी जुनी रेकॉर्डिंगं लॅपटॉपवरून पुसायला घेतली, तेव्हा सोबत काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "भाऊ, दुसरी कॉपी हाय नं?"

"नॅसवर हाय नं. मले नका शिकवू."

पुढं वर्षभरानं मुलचेऱ्याकडच्या एका गावातून एक बाई आली. तिच्या आईनं आमच्यासाठी एक गोंडी गाणं म्हटलं होतं. आई नुकतीच गेली होती.

"तिच्या नावानं सारे जमून राह्यले," ती म्हणाली. "थे गानं आता कोनालेच येत नाई. मोबाईलवर देजा, भाऊ."

"बसा, आत्ताच देतो," म्हणालो आणि टाइम मशीन उघडलं. मागं मागं गेलो. सगळ्यात जुनी तारीख लागली ती चार महिन्यांपूर्वीची. त्याच्या मागं काहीच नाही.

दिलेली जागा भरली की टाइम मशीन सगळ्यात जुने बॅकअप काढून टाकतं. हे मला चांगलं माहीत होतं. नवे व्हिडिओ येत गेले, जुने बॅकअप निघत गेले, आणि गाणं त्यांच्याबरोबर गेलं. लॅपटॉपवरून पुसलेलं तिथं कायम राहील, हे मी मनानंच ठरवलं होतं. रेकॉर्डरचं कार्ड तर केव्हाच पुसून पुन्हा वापरलेलं. यात यंत्राची काही चूक नव्हती. माझीच होती, आणि ऑफिसातल्या बाईंनी दुसऱ्या कॉपीचं विचारलं तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलो होतो.

 समोर बसलेल्या त्या लेकीला सांगितलं, की गाणं नाही, माझ्या हातून गेलं.

ती रडली नाही, रागावलीही नाही. कपाटावरच्या डब्याकडं तिनं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मंग तुमीच सांगा नं, भाऊ. तुमी तं समोर बसून आयकलं. जेवढं ध्यानात हाय तेवढं."

गोंडी मला येते. तिच्या आईसमोर, हातभर अंतरावर, मी तासभर बसलो होतो. कानाला हेडफोन होते, आणि नजर सगळा वेळ रेकॉर्डरच्या आवाजाच्या काट्यावर. एकही ओळ आठवेना.

मला काही आठवेल म्हणून ती पाच वाजताच्या बसपर्यंत थांबली.