एका तारेची लाईन

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यापुढचं आयुष्य ठेकेदाराच्या टोळीत विजेचे खांब उभे करण्यात गेलं. पुसेगावच्या शिवारातले कितीतरी खांब आमच्या टोळीनं रोवलेले. हे सांगायचं कारण माझी नात. हिंगोलीला कॉलेजात शिकते आणि मोबाईलवर, लॅपटॉपवर एक खेळ खेळते. जगातल्या कुठल्यातरी रस्त्याचा फोटो समोर येतो आणि तो कुठला हे ओळखून नकाशावर खूण करायची. खूण जितकी जवळ, तितके गुण जास्त. तिचा बाप याला टाइमपास म्हणतो. मीही म्हणायचो, पण एक दिवस तिनं विचारलं, "आबा, या खांबावर तीन तारा आन् त्या खांबावर पाच, असं काहून?"

मी सांगितलं. तीन तारांची ती अकरा हजार व्होल्टची लाईन, दोन इन्सुलेटर आडव्या लोखंडावर आणि एक टोकाला. गावातल्या लाईनीला तीन फेज, एक न्यूट्रल, पाचवी रस्त्याच्या दिव्याची. चिनी मातीच्या डिस्का एकाखाली एक जास्त दिसल्या की दाब जास्त. ती ऐकून घेई आणि उलट मला शिकवी. आपल्याकडं सिमेंटचे आणि लोखंडी गर्डरचे खांब, तर कितीतरी देशांत अजून लाकडाचे. लाकडाचे खांब आपल्याकडं वाळवीनं कधीच खाल्ले, हे मी तिला सांगितलं. तेवढं तिला माहीत नव्हतं.

यंदा जोड्यांचा सामना होता. दोघांनी मिळून एकच खूण करायची. जिंकणारी जोडी मोठ्या स्पर्धेत जाणार. वर्षभर तिनं त्यासाठीच डोळे फोडले होते. तिची मैत्रीण तापानं पडली, तेव्हा जोडीला मी बसलो. समोर पुण्याची दोन पोरं. खेळ बरोबरीत आला आणि शेवटचा एकच फोटो राहिला.

वाळलेलं गवत, लाल माती, सरळ रस्ता. गाडी नाही, पाटी नाही, माणूस नाही. कडेला लाकडी खांब, टोकाला एकच इन्सुलेटर आणि त्यावरून एकच तार. पुढं जाता येत नव्हतं, फोटो फक्त फिरवता आणि मोठा करता येत होता.

"आबा, ही विजेची लाईन हाय. ऑस्ट्रेलिया."

"येडी झाली का? एका तारेवर लाईट येत न्हाई. करंट जातो तसा परत यायला पाहिजे. ही टेलिफोनची हाय. न्हाईतर बाकीच्या तारा चोरांनी नेल्या."

"चोर बाकीच्या तारा नेतात आन् एक ठेवून जातात व्हय?"

"आमच्याकडं नेल्या होत्या."

"करंट जमिनीतून परत जातो, आबा. तिकडं घरं लांब लांब, म्हणून एकाच तारेवर भागवतात."

"जमिनीतून! मग शेतातली म्हैस मरंल की. लाकडी खांब हाय, आफ्रिका लाव."

तिनं आफ्रिकेवर बोट नेलं. वेळ संपत होता आणि माझ्या शब्दाला ती मान देत होती. मी म्हटलं, थांब, तार पुढं कुठं जाते ते बघू. तिनं फोटो मोठा केला. लांबच्या खांबाला एक डबा टांगलेला होता, लहानशी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. वरून तिच्यात एकच तार उतरलेली. दुसरी जाड तार खांबाला चिकटून खाली, सरळ मातीत.

टेलिफोनच्या खांबाला डीपी कोणी टांगत नाही. चोरांनी तारा नेल्या असत्या तर वर नुसते इन्सुलेटर राहिले असते, आणि इथं दुसऱ्या इन्सुलेटरला जागाच केलेली नव्हती.

"काय करू आबा? सांगा लवकर!"

"आफ्रिका नको," मी म्हटलं. "लाव तुझं."

तिनं ऑस्ट्रेलियाच्या आतल्या बाजूला खूण केली. पुण्याच्या पोरांनी केनिया लावलं होतं. आमची खूणही खऱ्या जागेपासून बरीच लांब पडली, पण ऑस्ट्रेलियातच होती, त्यांची समुद्रापलीकडं. आम्ही जिंकलो. ती ओरडली, खुर्ची पाडली, मग मला म्हणाली, "व्हय ना, जमिनीतून?"

"लाईट चालती म्हणतीस तर चालत असंल," मी म्हणालो. "पण उन्हाळ्यात माती कोरडी झाली की काय करतात? आपल्याकडं तर अर्थिंगच्या खड्ड्यात घागरीनं पाणी ओतावं लागतं."

तिला ठाऊक नव्हतं. आता मोठ्या स्पर्धेपर्यंत शोधून काढते म्हणाली. मैत्रिणीचा ताप उतरला आहे, तरी तिनं जोडीदार म्हणून माझंच नाव ठेवलं आहे. मैत्रीण रागावली. मी नातीला बजावून ठेवलं आहे, एका तारेच्या खांबावर चढायला सांगितलं तरी मी चढणार नाही, आणि पुढच्या वेळी मला आधी डीपी दाखवायची, मग देश विचारायचा.