पार्वतीबाईंचा दुसरा अर्ज

पूर्णा स्टेशनामागच्या आमच्या गल्लीत पार्वतीबाईंची पिठाची गिरणी आहे. दळण टाकायला गेलेल्या माणसाला गावच्या बातम्या फुकट मिळतात. फक्त गिरणीच्या आवाजावर ओरडून सांगितल्यामुळे त्या गुप्त राहत नाहीत, इतकंच.

बाईंना होळीच्या आत मिरची कांडपाचं यंत्र हवं होतं. होळी ते जून, एवढाच मिरचीचा हंगाम. तो हुकला की वर्ष गेलं. यंत्र नव्वद हजारांचं. पंधरा त्यांच्याजवळ होते, पंच्याहत्तर बँकेकडून हवे होते.

अर्ज लिहिला माधवराव गुरुजींनी. निवृत्तीपूर्वी तीस वर्षं त्यांनी पोरांच्या फीमाफीचे अर्ज लिहिले, आणि एकही नामंजूर झाला नाही. त्यांच्या मते अर्ज म्हणजे गयावया. त्यांनी लिहिलं : ‘मी अत्यंत गरीब, निराधार बाई असून दोन वेळच्या अन्नाची भ्रांत आहे.’

बाई म्हणाल्या, “गुर्जी, सकाळीच तुमी माझ्याकडं धपाटे खाल्ले की.”

“ते अर्जात लिहीत नसतात, पार्वतीबाई.”

बँकेचे मॅनेजर शंतनु साहेब वयानं लहान. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. “मावशी, यावर मदत मिळेल, कर्ज नाही. खायलाच नसेल तर हप्ता कशातून भराल?”

“खायला लय हाय,” बाई घाईनं म्हणाल्या. “ते उपाशी-बिपाशी गुर्जीनी लिवलंय.”

साहेब हसले. “मग तेच लिहा. यंत्र कशाला, परतफेड कशातून. आणि मिरची चारच महिने. बाकीचे आठ?”

“मिरची चार म्हैने, साहेब. भाकरी बारा म्हैने खातेत लोक.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हे कागदावर आणा. सोबत यंत्राचं कोटेशन, दळणाची वही आणि खात्याचा उतारा.”

दुसरा अर्ज बाईंनी गिरणी बंद करून सांगितला, गुरुजींनी लिहिला. रोजचं दळण सत्तर-ऐंशी किलो. वीजबिल जाऊन महिन्याला साडेसात हजार उरतात; तीन वर्षांच्या कर्जाचा अडीच हजारांच्या आसपासचा हप्ता त्यातून जाईल, मिरचीची कमाई वरची. गुरुजींचा हात अडखळत होता. “एवढं उत्पन्न उघड लिहायचं? दृष्ट लागेल की.”

“लिवा. दृष्टीला मिरच्याच हायेत.”

बँकेचा माणूस गिरणी बघून गेला. कर्ज मंजूर झालं, पैसे थेट यंत्रवाल्याच्या खात्यात गेले, आणि होळीच्या चार दिवस आधी यंत्र टेम्पोतून उतरलं.

पहिलं कांडप गुरुजींचं. पैसे घेणार नाही, असं बाईंनी जाहीर केलं. गुरुजींनी तरी चाळीस रुपये फळीवर ठेवले, दोनदा शिंकले आणि म्हणाले, “घ्या. अर्जात मिरचीची कमाई वरची धरलीय. मीच लिहिलंय.”