मामंजींचा च्यवनप्राश

माझे सासरे सोलापुरात शाळामास्तर होते. मी त्यांना मामंजी म्हणे. मधुमेह निघाल्यावर त्यांनी पुरणपोळीच काय, चहातली साखरही सोडली होती. तरी दवाखान्यात त्यांची लघवी नळीतल्या निळ्या औषधात घालून तापवली, की ते विटेसारखं लाल व्हायचं. म्हणजे साखर भरपूर.

"गोड काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही. सकाळ-संध्याकाळ सूनबाईनं केलेला पळीभर च्यवनप्राश तेवढा घेतो. पण ते औषध आहे!" मामंजी ठसक्यात म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही तो कसा करता?"

"आवळ्याचा गर तुपात परतते आणि साखरेच्या पाकात शिजवते. आवळ्यापेक्षा साखरच जास्त लागते."

"औषधातली असली तरी साखर ती साखरच," डॉक्टर म्हणाले.

मामंजी इतक्या मोठ्यानं हसले, की बाहेर बसलेले रोगी डोकावले. "सूनबाई, म्हणूनच तो इतका गोड लागत होता होय!"

उरलेली बरणी घरातल्या मुलांनी फस्त केली. मामंजी भाकरीबरोबर मीठ-हळद लावलेला आवळा खाऊ लागले. पुढच्या तपासणीत औषध नुसतं हिरवट झालं, म्हणजे साखर अगदी थोडी. ती नळी उजेडात धरून त्यांनी आधी मला दाखवली, मग दाराशी थांबलेल्या टांगेवाल्यालाही!